कॉम्प्रेसर किती वेळ बंद राहतो, ते आधी मोजा

*आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये नऊ वर्षांपूर्वीचा दीड टनाचा साधा एसी आहे. उन्हाळ्यात रात्री दहा ते सकाळी सहा चालतो. मध्यरात्रीनंतर बाहेरचं मशीन सारखं बंद-चालू होतं. दुकानदार म्हणतो, इन्व्हर्टर एसी घ्या, बिल निम्म्यावर येईल. पण नांदेडला माझ्या भावाने दुकानात इन्व्हर्टर एसी लावला, त्याला बिलात काहीच फरक दिसला नाही. मुलगी यंदा बारावीला आहे, तिच्या खोलीसाठी एक एसी नवीन घ्यायचाच आहे. तो कोणता घेऊ? आणि जुना बदलून टाकू का?*
*— एक वाचक भगिनी, परभणी*

ताई, दुकानदार साफ खोटं बोलत नाही आणि तुमचा भाऊही खरंच सांगतोय. दोघांमधला फरक तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवलाय: ‘मध्यरात्रीनंतर बाहेरचं मशीन सारखं बंद-चालू होतं.’ हा बिघाड नाही. साधा एसी असाच चालतो. खोली हवी तेवढी गार झाली की तो कॉम्प्रेसर कट करतो आणि तापमान थोडं वर गेलं की परत चालू करतो. त्याच्याकडे पूर्ण ताकद आणि पूर्ण बंद, एवढ्या दोनच अवस्था असतात. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर बंद न होता वेग कमी करतो. म्हणजे तुमचा जुना एसी रात्री जितका वेळ बंद राहतो, तिथेच इन्व्हर्टरला बचत करायला जागा मिळते. तो बंदच होत नसेल, तर जागा नाही आणि बचतही नाही.

एक घोटाळा आधी दूर करते. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की लाइट गेल्यावर बॅटरीवर पंखे चालवणारा डबा डोळ्यांसमोर येतो. या एसीचा त्याच्याशी संबंध नाही आणि लाइट गेली की हाही बंद पडतो. साध्या कॉम्प्रेसरची मोटर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर एकाच वेगाने फिरते. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये एक सर्किट असतं. ते आलेल्या विजेचं आधी डीसी करतं आणि त्यातून हव्या त्या वारंवारितेची वीज पुन्हा तयार करतं. वारंवारिता कमी केली की मोटर हळू फिरते. नाव त्या सर्किटावरून पडलंय.

आता हळू फिरल्याने वीज का वाचते, ते बघू. गावाकडे बरेच जण सांगतात की साधा एसी दर वेळी चालू होताना झटका घेतो आणि त्या झटक्यातच युनिट जळतात. हे खरं नाही. चालू होताना करंट चार-पाच पट वर जातो हे बरोबर, पण तो अर्धा-एक सेकंद टिकतो. तुमचा एसी रात्रीतून तीस वेळा चालू झाला असं धरलं, तरी त्या सगळ्या झटक्यांचे मिळून एका युनिटचा विसावा भागसुद्धा होत नाही.

खरं नुकसान झटक्यानंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांत होतं. कॉम्प्रेसर बंद झाला की दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब हळूहळू सारखा होतो आणि बाहेरचा गरम गॅस आतल्या कॉइलकडे सरकतो. पुन्हा चालू झाल्यावर तो दाबाचा फरक नव्याने तयार करावा लागतो. तेवढा वेळ मीटर पूर्ण वेगाने पळतं, पण हवा धड गार येत नाही. कधी रात्री जाग आली तर आउटडोअर चालू झाल्याचा आवाज ऐका आणि लगेच आतल्या युनिटच्या तोंडाशी हात धरा. मिनिटभर तरी हवा नुसत्या पंख्यासारखीच लागेल.

दुसरं कारण याहून मोठं आहे. आपल्या भागात ते समजवायला बोअरचं उदाहरण पुरतं. मोठी मोटर टाकून बोअर जोरात उपसला की पाण्याची पातळी झपाट्याने खाली जाते आणि तेच पाणी जास्त खोलवरून वर ओढावं लागतं. तेवढंच पाणी सावकाश उपसलं तर झरा पातळी टिकवतो आणि बादलीमागे वीज कमी लागते. एसीसुद्धा उपसाच करतो, फक्त पाण्याऐवजी उष्णतेचा. आतली कॉइल उष्णता गोळा करते आणि बाहेरची ती हवेत सोडते. पूर्ण ताकदीने चालताना बाहेरच्या कॉइलला एवढी उष्णता फेकायची असते की ती बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते आणि आतली कॉइल गरजेपेक्षा जास्त गार होते. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे उपशाची खोली. इन्व्हर्टर अर्ध्या ताकदीवर आला की गॅस निम्माच फिरतो, पण कॉइल तेवढ्याच मोठ्या राहतात. उष्णता सहज सुटते, दोन टोकं जवळ येतात आणि प्रत्येक मापाच्या गारव्यामागे वीज कमी लागते. साध्या एसीला ही सोय नाही. चालू असतो तेव्हा तो कायम खोल बोअरच उपसतो.

आता तुमच्या बेडरूमचा हिशोब मांडू. पण त्याआधी एका रात्री तुम्हाला थोडं मोजावं लागेल. रात्री एकच्या सुमाराला घड्याळ घेऊन बसा आणि आउटडोअर किती मिनिटं चालतं, किती मिनिटं बंद राहतं, ते चार फेऱ्यांसाठी लिहून घ्या. समजा, ८ मिनिटं चालू आणि ७ मिनिटं बंद असं निघालं. म्हणजे कॉम्प्रेसर १५ पैकी ८ मिनिटं, निम्म्याहून जरा जास्त वेळ चालतोय.

मग मीटर. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ `imp/kWh` असं लिहून आधी एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं पाच मिनिटं बंद करा आणि कॉम्प्रेसर चालू असताना एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजलं तर चूक होत नाही. लुकलुकण्याला ६० ने गुणायचं आणि मीटरवरच्या आकड्याने भागायचं, की त्या घडीला किती किलोवॉट ओढले जातायत ते कळतं. ३२०० च्या मीटरवर ७८ वेळा आलं, तर उत्तर सुमारे १.४५ किलोवॉट. दीड टनाच्या साध्या एसीचा रात्रीचा आकडा असाच असतो. दुपारी ४२ अंशांत तोच एसी १.७ पर्यंत जातो, कारण बाहेर गरम असलं की बोअर आणखी खोल होतो.

रात्रीचा पहिला तास वेगळा धरायचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालासुद्धा खाली उष्णता सोडत असतो, त्यामुळे त्या तासात साधा काय आणि इन्व्हर्टर काय, दोघंही पूर्ण ताकदीनेच चालणार. दोघांचं साधारण दीड युनिट जातं.

पुढचे सात तास हा खरा मुद्दा. साधा एसी १५ पैकी ८ मिनिटं १.४५ किलोवॉट घेतो आणि उरलेली ७ मिनिटं फक्त आतल्या पंख्याचे ५० वॉट. सरासरी ०.८ किलोवॉट पडते. सात तासांचे ५.६ युनिट. दीड टनाचाच चांगला इन्व्हर्टर एसी तेवढाच गारवा द्यायला सलग अर्ध्या किलोवॉटच्या आसपास घेईल, म्हणजे ३.५ युनिट. पहिला तास मिळवला की रात्रीचे ७.१ विरुद्ध ५ युनिट. रात्रीला दोन युनिटांचा फरक, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास. निम्मं बिल नव्हे, पण नगण्यही नाही. सरासरी ०.८ वरून ०.५ वर येताना जे ०.३ किलोवॉट वाचतात, त्यातला साधारण तिसरा हिस्सा बंद-चालूच्या नुकसानीचा आणि आतल्या पंख्याचा असतो. दोन हिस्से उपसा उथळ झाल्याचे असतात.

आता भावाचं दुकान घ्या. पत्रात तुम्ही तपशील दिलेला नाही, पण असे बरेच ग्राहक मी पाहिलेत. वर पत्रे, समोरचं दार दिवसभर उघडझाप, सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत धंदा आणि रिमोटवर १८. मे महिन्यात दुपारचे पत्रे हात लावता येणार नाही इतके तापतात. अशा जागेला दीड टन पुरतच नाही, त्यामुळे १८ काय, २४ सुद्धा कधी गाठलं जात नाही. एसीला वेग कमी करायची संधीच मिळत नाही आणि इन्व्हर्टर दिवसभर पूर्ण वेगाने धावतो. पूर्ण वेगावर दोघांची वीज जवळजवळ सारखी. उलट इन्व्हर्टरचं ते सर्किट स्वतःही थोडी वीज खातं, त्यामुळे तिथे तो कणभर मागेच पडतो. भावाचं बिल कमी झालं नाही यात एसीचा दोष नाही. पत्र्याखाली सीलिंग करून घ्या, दाराला ओढून बंद होणारं क्लोजर लावा आणि रिमोट २५ वर ठेवा, असं त्याला सांगा. संध्याकाळी पाचनंतर मीटर आपोआप मंदावलेलं दिसेल.

रिमोटचं हे घरीही लागू आहे. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज चुकीचा आहे. २५ वर ठेवा किंवा १८ वर, सुरुवातीला एसी पूर्ण ताकदच लावतो. फरक एवढाच की १८ वर तो थांबत नाही. साध्या एसीच्या बाबतीत ही चूक निदान कानाला कळते, कारण आउटडोअर कधीच बंद पडत नाही. इन्व्हर्टरमध्ये ती लपते. आवाज सतत असतोच, म्हणून मंद चालतोय की जोरात, ते नीट कान दिल्याशिवाय समजत नाही. तिथे मीटरचा दिवाच खरा साक्षीदार. रात्री दोन वाजता ३२०० च्या मीटरवर मिनिटाला २५-३० वेळा लुकलुकला, तर तुमचा इन्व्हर्टर मंद चाललाय आणि पैसे वाचवतोय. ७०-८० वेळा लुकलुकत असेल, तर फिल्टर तुंबलाय, गॅस कमी झालाय, खोली मोठी पडतेय किंवा रिमोट फार खाली आहे. यातलं काहीतरी एक नक्की.

मग जुना बदलायचा का? माझं मत, यंदा नाही. रात्रीचे दोन युनिट आणि उन्हाळ्याच्या ८० रात्री धरल्या तर १६० युनिट होतात. दराचं म्हणाल तर बिलावरचे टप्पे बघा. १००, ३०० आणि ५०० युनिटांना दर चढतो आणि एसीचे युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून जातात. म्हणून हिशोब सरासरी दराने न करता त्या वरच्या दराने करायचा. सगळे आकार मिळवून युनिटला १५ रुपये धरले, तर हंगामाला २४०० रुपये वाचले. दीड टनाचा नवीन एसी आणि बसवण्याचा खर्च धरून ४० हजार गेले, तर ते वसूल व्हायला सोळा-सतरा उन्हाळे लागतील. चालता एसी केवळ इन्व्हर्टर हवा म्हणून काढू नका. कॉम्प्रेसर गेला, किंवा कॉइल गळून दर उन्हाळ्यात गॅस भरायची वेळ आली, की मग बदला. तोवर स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुन्याचे दोन हात मारून घ्या. तुमच्या खोलीत तो पहिला महागडा तास याच स्लॅबमुळे लांबतो. जुन्या माळवदाच्या घरांत वरून जाड मातीचा थर असायचा, तो हेच काम करायचा.

मुलीच्या खोलीसाठी मात्र इन्व्हर्टरच घ्या, इथे मला शंका नाही. नवीनच घ्यायचा असल्यामुळे हिशोबात फक्त साध्या आणि इन्व्हर्टरच्या किमतीतला फरक धरायचा, पूर्ण किंमत नाही. शिवाय तिचा वापर पाहा. बारावीची मुलगी, म्हणजे दुपारी चार तास आणि रात्री नऊ ते एक अभ्यास. ही खोली खालच्या मजल्यावरची, दहा बाय दहाची असेल तर एक टन पुरे होईल. वर मजला असल्याने स्लॅब तापत नाही, त्यामुळे दुपारीसुद्धा एसीला पूर्ण ताकद लागणार नाही. अशा खोलीत एक टनाचा साधा एसी दिवसाला साडेपाच युनिटांच्या आसपास घेईल आणि इन्व्हर्टर चारच्या आसपास. दिवसाला दीड युनिट. तीच १५ रुपयांची धारणा ठेवली तर १०० दिवसांचे सव्वादोन हजार होतात. दुकानात दोन्हींच्या किमतीतला फरक विचारा आणि या रकमेने भागा. किती उन्हाळ्यांत वसूल होतो ते तिथेच कळेल.

दुकानदार इथे तुम्हाला दीड टन गळ्यात मारायला बघेल. ‘इन्व्हर्टर आहे, आपोआप कमी होतो, मोठाच घ्या’ असं म्हणेल. ते ऐकू नका. इन्व्हर्टर हळू होतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. बऱ्याच एसींमध्ये ती पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. खोलीची गरज त्याहून कमी झाली की तोही साध्यासारखाच बंद-चालू होऊ लागतो, आणि ज्याचे जास्त पैसे मोजले तेच हातातून जातं. लहान खोलीत पहाटेच्या वेळी हे हमखास होतं. जुन्या एसीच्या बाबतीतही हीच खूण आहे. रात्री मोजताना तो १५ पैकी तीनच मिनिटं चालताना दिसला, तर समजा की त्या खोलीला दीड टन जास्त होतोय आणि पुढच्या वेळी एक टन घ्यायचा.

लेबल वाचताना ताऱ्यांपाशी थांबू नका. त्याखाली पूर्ण क्षमता आणि अर्धी क्षमता असे दोन आकडे असतात, आणि १६०० तासांना किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं. एकाच टनाच्या दोन एसींची तुलना या युनिटांवरून करा. २०१८ पासून साध्या आणि इन्व्हर्टर अशा दोन्ही एसींना एकाच पद्धतीने तारे मिळतात, त्यामुळे ही तुलना सरळ होते. तुमच्या जुन्या एसीवरचे तारे त्याआधीच्या पद्धतीचे आहेत, ते आजच्या ताऱ्यांशी लावून बघू नका. आणि छापील युनिट म्हणजे तुमच्या घरचं बिल नव्हे. ते बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांमध्ये कमी-जास्त होत राहील असं धरून काढलेले असतात. फक्त मे महिन्याच्या दुपारी चालणाऱ्या एसीला युनिटमागे गारवा त्याहून कमीच मिळणार.

इन्व्हर्टरची एक कमजोर बाजूही ध्यानात ठेवा. त्याचं ते सर्किट, म्हणजे पीसीबी, व्होल्टेजच्या चढउताराला आणि विजा कडाडण्याला नाजूक असतं. जळालं तर दुरुस्तीला काही हजार लागतात, म्हणजे दोन-तीन उन्हाळ्यांची बचत एका दिवसात जाते. माझ्या स्वतःच्या घरी एका जूनमध्ये पहिल्याच वळवाच्या पावसात हे झालं. खरेदी करताना पीसीबीची वॉरंटी किती वर्षांची आहे ते बिलावर लिहून घ्या. अर्थिंग तपासून घ्या, आणि तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर एसीला चालेल असा स्टॅबिलायझर लावा. वादळ दिसलं की एसीचा एमसीबी खाली पाडा.

मोजायची रात्र एप्रिलच्या शेवटी ठेवा, तेव्हा उकाडा पुरेसा असतो. मीटरवरचा `imp/kWh` चा आकडा, मिनिटाला किती लुकलुकणं, चालू-बंदची मिनिटं आणि रिमोटवरचं तापमान, एवढ्या चार गोष्टी मला लिहून पाठवा. खोलीची लांबी-रुंदी आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही लिहा, म्हणजे बेडरूमला पुढच्या वेळी एक टन पुरेल की दीडच हवा ते नेमकं सांगता येईल.